छत्तीस-आधारी लिंक कोड

डेटाबेसच्या टेबलात प्रत्येक ओळीला आपोआप मिळणारा क्रमांक दशमान पद्धतीऐवजी ३६ या पायावर लिहून तयार केलेला छोटा कोड. तो लिंकच्या शेवटी जोडतात. ० ते ९ हे दहा अंक आणि a ते z ही सव्वीस रोमन अक्षरे मिळून छत्तीस चिन्हे होतात. त्यात a म्हणजे १० आणि z म्हणजे ३५. कोडवरून मूळ क्रमांक परत काढता येतो. त्यामुळे कोडसाठी वेगळा कॉलम ठेवावा लागत नाही आणि दोन ओळींना एकच कोड मिळाला का, हेही तपासावे लागत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेतले, तर अशा कोडची गरज कुठून येते ते कळते. सभासदाने देखभाल शुल्क भरले की त्याला पावतीची लिंक एसएमएसने जाते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. मजकुरात देवनागरीचे एक अक्षर आले तरी ही मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात. ७० च्या पुढे गेलेला संदेश तुकड्यांत जातो आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात.

```
देखभाल शुल्क ₹3,250 जमा. पावती: https://example.com/azbo
```

हा संदेश ५६ चिन्हांचा आहे. शेवटच्या चार अक्षरांच्या जागी यूयूआयडी हा नेहमीचा ३६ चिन्हांचा लांब ओळख-कोड घातला, तर तो ८८ चिन्हांचा होतो आणि एकाचे दोन एसएमएस होतात. हजारो सदनिकांना दरमहा संदेश पाठवणाऱ्याच्या बिलात हा फरक स्पष्ट दिसतो.

रूपांतर

वरच्या संदेशातली पावती टेबलातल्या ५,१२,३४० क्रमांकाच्या ओळीत आहे. या संख्येला ३६ ने भागले की बाकी २४ उरते, म्हणजे o. भागाकार येतो १४,२३१. त्याला पुन्हा ३६ ने भागले की बाकी ११, म्हणजे b. आता ३९५ उरले. त्याची बाकी ३५, म्हणजे z. शेवटी उरलेले १० म्हणजे a. बाक्या शेवटून सुरुवातीकडे वाचल्या की azbo मिळते. उलट जाताना १०×४६,६५६ + ३५×१,२९६ + ११×३६ + २४ अशी बेरीज केली की पुन्हा ५,१२,३४० येतात. जावास्क्रिप्टमध्ये हे काम `toString(36)` आणि `parseInt(s, 36)` करतात. मायएसक्यूएलमध्ये `CONV(n, 10, 36)` आहे, पण त्याची अक्षरे कॅपिटल येतात.

चार चिन्हांत १६,७९,६१६ आणि पाच चिन्हांत ६,०४,६६,१७६ क्रमांक बसतात. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी धरून ६२ चिन्हे घेतली, तर कोड आणखी आखूड होतो. तरीही जिथे माणसे कोड फोनवर सांगतात किंवा कागदावर लिहून घेतात, तिथे छत्तीसच बरे. मोबाइलचा कीबोर्ड पहिले अक्षर स्वतःहून कॅपिटल करतो. वाचून दाखवणारा माणूस "कॅपिटल ए, स्मॉल झेड" असे सांगत बसत नाही. छत्तीस-आधारी कोड आला की तो स्मॉल अक्षरांत बदलून घेतला, की हा प्रश्न तिथेच मिटतो.

शून्य की ओ

अक्षरांच्या आकारातला गोंधळ मात्र मिटत नाही. वर्तकनगरातल्या सोसायटीच्या कार्यालयातून फोनवर विचारणा होते, "काका, शेवटी शून्य आहे की ओ?" समोरून उत्तर येते, "गोलच आहे गं, शून्यच असेल." azbo च्या जागी azb0 टाइप केले तर क्रमांक ५,१२,३१६ होतो, म्हणजे चोवीस ओळी आधीची पावती. ती टेबलात असतेच. त्यामुळे 'लिंक सापडली नाही' असा संदेश येत नाही, सरळ दुसऱ्याच सभासदाची पावती उघडते. लागोपाठ क्रमांकांच्या कोडचा खरा धोका हाच आहे. जवळपास प्रत्येक चुकीचा कोडसुद्धा कुणाचा ना कुणाचा खरा कोड असतो, म्हणून चूक झाल्याचे कुणाला कळतच नाही.

यावर उपाय म्हणजे शेवटी एक तपासणी चिन्ह जोडणे. आपल्याकडच्या लेखापालांना हा प्रकार ओळखीचा आहे. जीएसटी क्रमांकातले पंधरावे चिन्ह आधीच्या चौदा चिन्हांवरून याच छत्तीस चिन्हांच्या हिशेबाने काढलेले असते. त्या पद्धतीत उजवीकडून एक आड एक चिन्हाची दुप्पट करतात. दुप्पट ३६ किंवा जास्त झाली, तर तिला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घेतात. मग सगळ्यांची बेरीज ३६ च्या पटीत नेणारे चिन्ह शेवटी लावतात. azbo साठी उजवीकडून १३, ११, ३५ आणि १० अशा संख्या येतात. बेरीज ६९, म्हणून तपासणी चिन्ह ३ आणि पूर्ण कोड azbo3. azb0 साठी तेच चिन्ह g निघते. त्यामुळे azb03 असे आले की सर्व्हर लगेच चूक ओळखतो. कुठलेही एक चिन्ह चुकले तरी ही पद्धत ते पकडते.

क्रम लपवणे

azbo नंतरची पावती azbp आणि त्यापुढची azbq. आपल्या लिंकमधले शेवटचे अक्षर बदलून बघायला कुणाला काही शिकावे लागत नाही. शिवाय महिन्याच्या सुरुवातीचा आणि अखेरचा असे दोन कोड हाताशी असले, की त्या महिन्यात किती पावत्या फाटल्या याचा अंदाज बाहेरच्यालाही येतो.

यासाठी कोड करण्याआधी क्रमांकाला एका मोठ्या स्थिर संख्येने गुणतात आणि ३६⁵ ने भागून फक्त बाकी ठेवतात. गुणक २ किंवा ३ ने विभाज्य नसला की प्रत्येक ओळीला वेगळी बाकी मिळते, आणि एका उलट गुणकाने गुणून मूळ क्रमांक परत मिळवता येतो.

```
M, K, V = 36**5, 37370153, 47534873
CHINHE = "0123456789abcdefghijklmnopqrstuvwxyz"

def kod(n):
    n = n * K % M
    s = ""
    for _ in range(5):
        n, r = divmod(n, 36)
        s = CHINHE[r] + s
    return s

def kramank(s):
    return int(s, 36) * V % M
```

५,१२,३४० चा कोड आता jjgqc होतो. पुढच्या दोन ओळींचे कोड 5sfq5 आणि s1epy. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पण हे कुलूप नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. लागोपाठच्या दोन कोडची वजाबाकी केली की गुणकच हाती लागतो. शेवटचे चिन्ह दर ओळीला २९ ने पुढे सरकते आणि छत्तीस ओळींनंतर पुन्हा तेच येते. पावतीवर सभासदाचे नाव, सदनिका आणि रक्कम असेल, तर ती उघडताना लॉगिन किंवा ओटीपी मागितलाच पाहिजे. गुणाकाराने कुतूहलापोटी अक्षर बदलून पाहणाऱ्याला अडवता येते, ठरवून आलेल्याला नाही.

ओळ क्रमांक ३६⁵ च्या पुढे गेला की कोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ६,०४,६६,१७७ व्या ओळीला पहिल्या ओळीचाच कोड मिळतो, आणि वरचा प्रोग्रॅम त्याबद्दल काहीच तक्रार करत नाही. म्हणून `kod` मध्ये n हा M पेक्षा लहान आहे ना, ही तपासणी घालावी. जावास्क्रिप्टमध्ये पाच चिन्हांपर्यंत गुणाकार अचूक येतो. सहा चिन्हांवर मात्र तो २⁵³ च्या पलीकडे जातो, तेव्हा `BigInt` वापरावा लागतो.

कोड वाचताना

आलेला कोड उलगडण्याआधी त्याची लांबी आणि चिन्हे काटेकोर तपासावीत. जावास्क्रिप्टचा `parseInt` नको ते चिन्ह दिसले की तिथेच थांबतो आणि तोवरची संख्या देऊन मोकळा होतो. त्यामुळे `azb-o` चा अर्थ तो azb असा लावतो आणि १४,२३१ वी पावती उघडतो. पायथनचा `int` अशा कोडला चूक म्हणतो, पण देवनागरी अंक बिनतक्रार स्वीकारतो. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला `५sfq५` त्याच्या लेखी बरोबरच असतो. मराठी वापरकर्त्यांसाठी ही सोय मुद्दाम ठेवण्यासारखी आहे. फक्त कोड मजकूर म्हणून साठवला किंवा कॅशमध्ये शोधला जात असेल, तर आधी अंक इंग्रजी करून घ्यावेत.

कोडची यादी एक्सेलमध्ये गेली की वेगळाच घोटाळा होतो. 41e03 या कोडला एक्सेल 'एक्केचाळीस गुणिले दहाचा घन' समजतो आणि ४१,००० करून टाकतो. e च्या दोन्ही बाजूंना नुसते अंक असलेले असे कोड पाच चिन्हांत साधारण दोन हजारांत एक निघतात. म्हणून चाचणीत ते सापडत नाहीत आणि खजिनदाराच्या यादीत मात्र सापडतात. कॉलम आधीच 'टेक्स्ट' केला तर ते टळते. सुरुवातीचे शून्य गळले तर मात्र क्रमांक बदलत नाही. उलगडण्याआधी कोड पुन्हा पाच चिन्हांचा करून घेतला की झाले.

ओळ क्रमांक बदलला तर

छापलेल्या किंवा पाठवलेल्या लिंकमध्ये ओळ क्रमांकच दडलेला असतो, म्हणून तो कायमचा ठरतो. ओळ काढून टाकता येते, पण तिचा क्रमांक दुसरीला देता येत नाही. मधले क्रमांक रिकामे राहिले तरी बिघडत नाही. खरी अडचण दोन डेटाबेस एकत्र करताना येते. ठाण्याच्या सोसायट्या एका सर्व्हरवर आणि ऐरोली-घणसोलीच्या दुसऱ्यावर असतील, तर ५,१२,३४० क्रमांकाची पावती दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडे तिचा कोड jjgqc च असतो. एकत्र करताना एका बाजूचे क्रमांक बदलले की त्या बाजूच्या सभासदांच्या फोनमधल्या सगळ्या जुन्या लिंक भलतीकडे उघडतात. दोन सर्व्हर लागतील असे आधीच माहीत असेल, तर मायएसक्यूएलमध्ये `auto_increment_increment` २ ठेवून एका सर्व्हरचा `auto_increment_offset` १ आणि दुसऱ्याचा २ करतात. मग एकीकडे विषम आणि दुसरीकडे सम क्रमांक पडतात. हे आधी केले नसेल, तर लिंकमध्ये कोडच्या आधी शहराचे एक अक्षर घालावे. जुन्या लिंकमध्ये ते अक्षर नसते, म्हणून दोन्ही शहरांचे जुने पत्ते वेगवेगळे असतील तरच त्या वाचतात. पत्ता एकच असेल, तर क्रमांक बदललेल्या शहराच्या सभासदांना नव्या लिंक पुन्हा पाठवाव्या लागतात.