हळद ‘मच’, बेदाणे ‘मेनी’

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला आलेली हळकुंडे बोटाएवढी असतात आणि मनात आणले तर कोणीही ती एकेक करून मोजू शकेल. बेदाण्याचे दाणे मात्र इतके बारीक असतात की ते मोजण्याच्या फंदात कोणी पडत नाही. इंग्रजीचा हिशेब नेमका याच्या उलट आहे. हळदीसाठी असलेले ‘टर्मरिक’ हे नाम तिथे अगणनीय आहे, म्हणून ‘हाऊ मच टर्मरिक’ असे विचारायचे, आणि बेदाण्यासाठी असलेले ‘रेझिन’ गणनीय आहे, म्हणून ‘हाऊ मेनी रेझिन्स’. ज्या वस्तू मोजता येतात त्यांची नामे गणनीय, ही शाळेत पाठ करून घेतलेली व्याख्या इथेच अडखळते, कारण हा भेद वस्तूंमध्ये नसून त्या भाषेने नामाला दिलेल्या वागणुकीत आहे.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये ‘व्हीट’ आणि ‘ओट्स’ या धान्यांची जोडी याच कारणासाठी पुढे केली होती. दोन्हींचे दाणे जवळपास सारख्याच आकाराचे, तरी गहू एकवचनी आणि ओट्स अनेकवचनी. वाटाण्याची कथा याहून मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत त्याला ‘पीज’ म्हणत आणि तो शब्द एकवचनीच होता. पण शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा प्रत्यय असावा असे बोलणाऱ्यांना वाटू लागले आणि सतराव्या शतकाच्या सुमारास त्यातून ‘पी’ हे नवे एकवचन निघाले. वाटाणा होता तसाच राहिला, बदलले ते केवळ व्याकरण.

म्हणून ‘मच’ की ‘मेनी’ हे ठरवताना डोळ्यांसमोर वस्तू आणण्यापेक्षा नामाचीच परीक्षा घ्यावी. त्या नामाच्या लगेच आधी ‘वन’, ‘टू’ असा आकडा बसतो का आणि त्याचे अनेकवचन होते का, हे पाहावे. ‘टू रेझिन्स’ चालते, ‘टू टर्मरिक्स’ चालत नाही. शेवटच्या ‘स’वर मात्र विसंबू नये, कारण ‘न्यूज’ हे नाम दिसायला अनेकवचनी असले तरी अगणनीय आहे. मराठीची सवय इथे मदतीपेक्षा अडचणच अधिक करते. आपण तांदूळ ‘निवडले’ आणि केस ‘पिकले’ असे अनेकवचनात म्हणतो, त्यामुळे ‘मेनी राइसेस’ किंवा ‘मेनी हेअर्स’ सहज लिहिले जाते. शिवाय आपले ‘किती’, ‘खूप’ आणि ‘थोडे’ हे शब्द दोन्ही प्रकारच्या नामांना चालतात.

आता एक वाक्य तपासून पाहू. समजा, तासगावच्या एका व्यापाऱ्याने परदेशी ग्राहकाला लिहिले, ‘वुई हॅव मच रेझिन अँड फ्यू टर्मरिक.’ रेझिन गणनीय असल्याने ‘मच’ बाद होते आणि नामाचे अनेकवचन करावे लागते. ‘मेनी रेझिन्स’ व्याकरणात बसते, पण त्यातून दाण्यांची संख्या ध्वनित होते, आणि व्यापाऱ्याला सांगायचा आहे तो साठा. अशा साध्या होकारार्थी वाक्यात इंग्रज माणूस बहुधा ‘अ लॉट ऑफ रेझिन्स’ म्हणेल. ‘मच’ तर रोजच्या बोलण्यात मुख्यतः प्रश्नात आणि नकारात येते. होकारात ते ‘टू मच’, ‘सो मच’ असे जोडीने आले तरच सहज वाटते.

उरले ‘फ्यू टर्मरिक’. ‘फ्यू’ फक्त गणनीय अनेकवचनाबरोबर येत असल्याने इथे ‘लिटल’ हवे, पण खरी मेख पुढेच आहे. ‘वुई हॅव लिटल टर्मरिक’ याचा अर्थ हळद जवळजवळ संपली आहे असा होतो आणि ते वाचून ग्राहक दुसऱ्या व्यापाऱ्याकडे वळेल. ‘अ लिटल टर्मरिक’ म्हटले की थोडी शिल्लक आहे, विकता येईल असा अर्थ निघतो. एवढ्याशा ‘अ’वर सौदा अडू शकतो. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातही हाच फरक आहे. उलट कोणी ‘अ लिटल रेझिन’ लिहिले, तर वाचणाऱ्यासमोर एक छोटासा बेदाणा उभा राहील!

व्यापारात यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे माप वापरणे. ‘अ फ्यू बॅग्ज ऑफ टर्मरिक’ किंवा ‘हाऊ मेनी किलोज ऑफ टर्मरिक’ असे लिहिले की ‘फ्यू’ आणि ‘मेनी’ यांचा संबंध पोत्याशी किंवा किलोशी जुळतो आणि हळद अगणनीयच राहते. ‘अ लॉट ऑफ’ला मापाचीही गरज नाही, कारण ते दोन्हींना चालते, मात्र तिथे क्रियापद ‘लॉट’कडे न पाहता पुढच्या नामाकडे पाहते, म्हणून हळदीसाठी ‘अ लॉट ऑफ टर्मरिक इज’ आणि बेदाण्यांसाठी ‘अ लॉट ऑफ रेझिन्स आर’ असे लिहावे लागते.