टॅरोला कुठले प्रश्न विचारायचे (कार्यशाळेचं प्रास्ताविक)

टॅरोच्या बिगिनर्स वर्कशॉपमध्ये पत्त्यांना हात लावायच्या आधी शिकवणारी व्यक्ती दहा-पंधरा मिनिटं बोलते, ते हे प्रास्ताविक. सोलापुरात अशी वर्कशॉप बहुतेक कुणाच्या तरी हॉलमध्ये किंवा क्लासच्या खोलीत रविवारी होतात आणि येणाऱ्यांच्या मनात प्रश्न आधीच तयार असतो, लग्न कधी जमेल, नोकरी लागेल का, तो परत येईल का. यातले बरेचसे प्रश्न टॅरोला चालतच नाहीत, आणि हे पहिल्याच तासाला नीट सांगितलं नाही तर पुढचं सगळं शिकवणं वाया जातं असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण पत्त्यांमध्येच आहे. टॅरो हे पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाले, भविष्य बघायला त्यांचा वापर अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये रुजला. आज शिकवायला जास्त करून वापरतात तो रायडर-वेट डेक 1909 चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. 78 पत्ते, त्यातल्या एकावरही 'हो' किंवा 'नाही' छापलेलं नाही, तारीख नाही. आहेत ती बहुतेक माणसांची चित्रं, कुणी पैसे धरून बसलंय, कुणी डोळ्याला पट्टी बांधून बसलंय. म्हणून जो प्रश्न चित्र बघून विचार करायला लावतो तो चालतो, आणि ज्याला एका शब्दाचं उत्तर हवंय त्यात वाचणारा आपल्या मनातलं उत्तर पत्त्याच्या तोंडी घालतो.

प्रास्ताविकात एक उदाहरण सावकाश सोडवून दाखवावं. समजा एक मुलगी वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते आणि तिला पुण्याला जायचंय. तिचा प्रश्न, "मला पुण्यात जॉब लागेल का?" हा तसाच घेतला आणि फोर ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे चार नाणी धरून बसलेल्या माणसाचा पत्ता, निघाला तर काय सांगणार? एक जण म्हणेल पैसा आहे म्हणजे हो, दुसरा म्हणेल माणूस अडकलाय म्हणजे नाही, आणि दोघंही तितक्याच ठामपणे बोलतील. प्रश्न बिघडलाय हे इथेच ओळखायचं, एकाच पत्त्यातून दोन्ही उत्तरं तेवढ्याच सहज निघतात.

आता तोच प्रश्न असा करा: "पुण्याला जायचं ठरवताना मी काय बघायचं टाळतेय?" तीन पत्ते, मी आत्ता कुठे आहे, काय टाळतेय, पुढचं पाऊल काय. पहिला तोच फोर ऑफ पेंटॅकल्स, एक नाणं छातीशी घट्ट, दोन पायाखाली, एक डोक्यावर, आणि शहर त्याच्या पाठीमागे. विचारायचं, तू काय धरून बसलीयेस? ती म्हणते, कारखान्याचे हिशोब माझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत. दुसरा टू ऑफ स्वोर्ड्स, डोळ्याला पट्टी, हातात दोन तलवारी. मग हळूच बाहेर येतं की वडिलांशी अजून बोलणंच झालेलं नाही. तिसरा थ्री ऑफ पेंटॅकल्स, कारागीर काम करतोय आणि समोरचे दोघं नकाशा धरून त्याच्याशी बोलतायत. म्हणजे हिशोब कोण बघणार ते कागदावर लिहून वडिलांसमोर बसायचं. जॉब लागणार की नाही हे पत्त्यांनी सांगितलं नाही, पण या आठवड्यात काय करायचं ते तिला दिसलं, आणि ते तिचं तिनेच सांगितलं. पगार किती, रूमचं भाडं किती, हे मात्र फोन करून विचारायचं, त्यासाठी पत्ते काढायचे नाहीत.

दुसऱ्या माणसाच्या मनातलं विचारणंही याच कारणाने बसत नाही. "तो माझ्याबद्दल काय विचार करतो" याला समोर बसलेल्या बाईकडून फक्त तिची भीती किंवा आशा मिळते, तो माणूस खोलीत नसतोच. "त्याच्याशी बोलताना मी का घाबरते" हे चालतं. तब्येत, कोर्टकचेरी, जगण्या-मरण्याचे प्रश्न तर घ्यायचेच नाहीत. कुणी विचारलं की आईच्या छातीत गाठ लागतेय, काय असेल, तर पत्ते खाली ठेवायचे आणि उद्याच सिव्हिलला दाखवा असं सांगायचं. इथे छान पत्ता निघाला तर धोका उलट जास्त, कारण माणूस निर्धास्त होऊन तपासणी पुढे ढकलतो.

शेवटी एक सवय आवर्जून सांगतात, आणि नवशिके नेमकी तीच मोडतात. उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न परत विचारायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मनासारखा पत्ता निघतोच, आणि आधीचे सगळे विसरून तेवढाच लक्षात राहतो. मधे काही बदललं, म्हणजे त्या मुलीचं वडिलांशी बोलणं झालं, तर नवा प्रश्न तयार होतो, तेव्हा पत्ते पुन्हा काढायला हरकत नाही.