धाकट्याला गोल टेबलचा प्रश्न समजावताना वही फिरवा

आमच्या गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत बरेच ताई-दादा धाकट्यांना घेऊन येतात, बीबीए-बीसीएच्या सीईटीसाठी रिझनिंग करून घेतात आणि गोल टेबलचा प्रश्न आला की हमखास अडकतात. म्हणून एक सोडवलेला प्रश्न इथे देतोय.

सहा जण गोल टेबलभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत. अमोलच्या बरोबर समोर दीपा. दीपाच्या लगेच डावीकडे भारती. चेतन भारतीच्या शेजारी नाही आणि दीपाच्याही नाही. अमोलच्या लगेच उजवीकडे ईशा. उरला फिरोज. तर फिरोजच्या लगेच डावीकडे कोण?

आधी अमोलला वर्तुळात सगळ्यात खाली बसवा, दीपा आपोआप वर गेली. आता भारती. इथेच पोरं चुकतात, कागदाच्या डाव्या हाताला लिहून मोकळी होतात, पण दीपाचं तोंड खाली आहे ना, तिचा डावा हात कागदाच्या उजवीकडे येतो! तोंडी सांगून हे पटत नाही. परवा एक ताई भावाला तीनदा सांगून दमली, मग तिने वहीच उलटी केली, दीपा खाली आली, आणि तो लगेच म्हणाला, "अरे हो, हा हात." तेच करा, ज्याचा डावा-उजवा बघायचाय त्याला वही फिरवून खाली आणा.

वही पुन्हा सरळ करा, भारती वर उजवीकडे. चेतनसाठी तीन जागा उरल्या: वर डावीकडची दीपाला लागून म्हणून गेली, खाली उजवीकडची भारतीला लागून म्हणून गेली, राहिली खाली डावीकडची, तीच त्याची. अमोलच्या उजवीकडे ईशा म्हणजे खाली उजवीकडे. फिरोज वर डावीकडे, वही फिरवून बघा, त्याच्या लगेच डावीकडे दीपा. हेच उत्तर.

आता धाकट्याने भारतीला चुकून वर डावीकडे बसवलं असेल तर ओरडू नका, पुढे सोडवू द्या. चेतनला खाली उजवीकडची एकच जागा उरेल आणि ईशालाही तीच लागेल, एका खुर्चीवर दोघं! अशी टक्कर झाली की डाव्या-उजव्यात गडबड आहे हे त्याचं त्यालाच कळतं, मग मागे जाऊन कोणाचा हात चुकला ते शोधायला लावा.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळ्यांचाच डावा-उजवा उलटा धरला तर आकृती आरशातल्यासारखी उलटते आणि उत्तर तरीही दीपाच येतं. त्यामुळे नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून पुढे जाऊ नका, आकृतीही बघा. प्रश्नात काही जण बाहेर तोंड करून बसलेले असले की हीच सवय नडते, कारण त्यांचा डावा हात दुसऱ्या बाजूला येतो. अशा माणसाला वही फिरवून खाली नाही, वर आणायचं.