सही कुणाकडे जाते, पैसे कुठे जातात: ऑनलाइन सह्यांच्या मोहिमांमागची गोष्ट

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लिंक आली. मैदान वाचवण्यासाठी सही करा, म्हणून. शेजारच्या काकूंनी सही केली आणि पुढच्या स्क्रीनवर मागितलेले दोनशे रुपयेही भरले. ‘वकिलाच्या फीला तेवढाच हातभार,’ असं त्या मला म्हणाल्या. ते पैसे वकिलाकडे गेले नव्हते. मोहीम चालवणाऱ्या मुलांकडेही गेले नव्हते. ते वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीकडे गेले होते. काकूंची फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, कारण स्क्रीनवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. पण त्यांचा गैरसमज का झाला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. या मोहिमांना आपण सर्रास ‘ऑनलाइन याचिका’ म्हणतो. मराठी वाचकाच्या कानाला याचिका म्हटलं की हायकोर्ट ऐकू येतं. काही तरी दाखल झालं, तारीख पडणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ते सह्यांचं निवेदन असतं. जुन्या मुंबईला हा फरक नीट माहीत होता. 1852 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला तो अर्ज होता. तो कोण पाठवतंय आणि कुणाकडे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नौरोजी अशी माणसं त्यामागे उभी होती.

पुण्याची सार्वजनिक सभा त्याच्याही पुढे गेली. 1870 मध्ये सभा सुरू झाली तेव्हा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. ‘हा आमच्या वतीने बोलेल’ असं त्या पन्नास जणांनी लिहून दिलेलं असे. आजच्या मोहिमा तपासताना मला हीच कसोटी सगळ्यात उपयोगी वाटते: सही कुणाला, कशासाठी दिली आहे?

खोट्या सह्याही काही इंटरनेटने आणलेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये 1848 साली कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने पन्नास लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज आणल्याचा दावा केला. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या तर वीस लाखही भरेनात. त्यात राणी व्हिक्टोरियाची ‘सही’ही निघाली. 2016 मध्ये ब्रेक्झिटवर पुन्हा मतदान घ्या, अशी मागणी ब्रिटिश संसदेच्या स्वतःच्या वेबसाइटवर झाली, तेव्हाही सुमारे 77 हजार बनावट सह्या काढून टाकाव्या लागल्या. हजारभरही वस्ती नसलेल्या व्हॅटिकनमधून हजारोंनी सह्या आल्या होत्या. तिथे त्या काढता आल्या, कारण आकड्याला तिथे नियमाने किंमत आहे. दहा हजार सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं, एक लाख झाल्या की संसदेतल्या चर्चेसाठी विचार होतो. म्हणून मोजणाराही नेमलेला आहे.

आपल्याकडे अशी पायरी नाही. लोकसभेची याचिका समिती आहे, आपल्या विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, पण अमुक इतक्या ऑनलाइन सह्या झाल्या म्हणून त्यांना काही करावंच लागेल असा नियम नाही. 2007 मध्ये अमेरिकेत चेंज डॉट ऑर्ग आणि अवाज या सह्या गोळा करणाऱ्या वेबसाइट सुरू झाल्या आणि पुढे तो प्रकार भारतात रुजला, तो या मोकळ्या जागेत. इथे आकडा वेबसाइट मोजते, आणि ती साधारणपणे तपासते तो ईमेल पत्ता. एका माणसाकडे चार ईमेल असतील तर चार सह्या होऊ शकतात.

मुंबईत हा फरक आरेच्या वेळी सगळ्यात ठळक दिसला. मेट्रो 3 च्या कारशेडसाठी झाडं तोडायची तर 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्या मुदतीत महापालिकेकडे पोचलेली हरकत नोंदीवर येते. त्याच काळात वेगवेगळ्या वेबसाइटांवर सह्याही चालू होत्या. काही ठिकाणी बटण दाबलं की तुमच्या नावाने थेट महापालिकेला ईमेल जात होता, काही ठिकाणी फक्त वेबसाइटवरचा आकडा एकाने वाढत होता. बघणाऱ्याला दोन्ही पानं सारखीच. पहिल्यात तुम्ही हरकतदार होता, दुसऱ्यात समर्थक. समर्थकांच्या आकड्याने वातावरण तयार झालं, वर्तमानपत्रांनी दखल घेतली, हे मी कमी लेखत नाही. पण 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. 7 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्राची दखल घेऊन. तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती.

म्हणून आता कुठलीही लिंक आली की मी आधी बघते, ही मागणी नेमकी कुणाकडे आहे. ‘सरकार’ किंवा ‘प्रशासन’ असं मोघम लिहिलं असेल तर ती सही कुठेच जाणार नसते. अधिकाऱ्याचं पद, फाइल किंवा नोटिशीचा क्रमांक, हरकतीची शेवटची तारीख दिली असेल, तर लिहिणाऱ्याने तेवढं काम केलेलं आहे. मग खालचे ‘अपडेट’ वाचते. निवेदन दिलं, पोच मिळाली, असं काही आहे, की महिनोन्‌महिने फक्त ‘आणखी सह्या हव्यात’ चाललंय?

पैशांचा भाग याहून अवघड आहे, कारण तो सही झाल्या झाल्या, मन हललेलं असताना येतो. 2020 मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या मोहिमेवर चेंज डॉट ऑर्गवर पावणेदोन कोटींहून जास्त सह्या झाल्या. अनेकांनी सहीनंतर पैसेही दिले आणि ते कुटुंबाला मिळतील असं धरलं. ते पैसे होते ती मोहीम आणखी लोकांना दाखवण्यासाठी, म्हणजे एका अर्थी जाहिरातीचे, आणि ते वेबसाइटकडेच जात होते. कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांनी त्यावर उघडपणे आक्षेप घेतला. निधी गोळा करणाऱ्या वेबसाइटांचं तसं नसतं. तिथे शुल्क असेल ते वजा होऊन रक्कम ठरलेल्या माणसाला किंवा संस्थेला मिळते. दोन्हींची बटणं मात्र दिसायला जुळ्या भावंडांसारखी.

काकूंबरोबर बसून मी त्यांचा यूपीआयचा व्यवहार उघडला. पैसे घेणाऱ्याच्या नावाच्या जागी मैदानाच्या समितीचं नाव नव्हतं, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं होतं. उत्तर तिथेच मिळालं. पिन टाकण्याआधी हे नाव दिसतं, तेव्हाच थांबून वाचायला हवं. समितीने सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी केली असेल तर तिच्याकडे धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो ती पावतीवर छापते. वरळीच्या कार्यालयाकडे तो पडताळता येतो. देणगीवर आयकराची सवलत सांगत असतील तर पावतीपुरतं न थांबता, वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्र मिळेल का, हे विचारावं. खरी संस्था या प्रश्नाला चटकन उत्तर देते.

काकूंनी मग समितीच्या मुलांना फोन केला. त्यांनी अजून वकील लावलेलाच नव्हता. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात हरकत द्यायला चार दिवस उरले होते, आणि सही केलेल्यांपैकी एकालाही त्यांनी ते कळवलं नव्हतं, कारण सह्यांची यादी वेबसाइटकडे होती आणि त्यांच्याकडे कुणाचाच फोन नंबर नव्हता. काकूंनी आमच्या मजल्यावरच्या घराघरांतून कागदावर सह्या घेतल्या आणि पोचेचा शिक्का मारून आणला.