शिळी इडली आणि उतरलेला उपमा

फ्रिजमधून दुसऱ्या दिवशी काढलेली इडली रबरासारखी लागते आणि सकाळपासून ओट्यावर झाकून ठेवलेला उपमा दुपारी एक वाजताही मऊ, वाफाळता वाटतो. यातलं टाकून काय द्यायचं असं विचारलं तर बहुतेक घरांत इडली कचऱ्यात जाते आणि उपम्याला पाण्याचा हबका मारून तो पुन्हा गरम होतो. खरं तर उलट व्हायला हवं. आपल्या भाषेत 'शिळं' आणि 'उतरलेलं' असे दोन वेगळे शब्द आहेत, पण जिभेला दोन्ही एकच वाटतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शिळं होणं म्हणजे पिष्टाचं कडक होणं. तांदूळ, रवा, पोहे शिजतात तेव्हा त्यातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं. थंड होताना ते पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि पाणी बाहेर ढकलतं. गंमत म्हणजे हे सगळ्यात जलद होतं ते फ्रिजच्या चार-पाच अंशांना. म्हणून फ्रिजमधली इडली बाहेरच्या इडलीपेक्षा कडक असते आणि पोहे तर दाण्यादाण्याने टोचतात. यात बिघाड काहीच झालेला नसतो. वाफ दिली की पिष्ट पुन्हा सैल होतं.

उतरणं म्हणजे जिवाणूंची वाढ, आणि ती सुरुवातीला दिसत नाही, वासालाही येत नाही. तांदूळ, रवा, पोहे यांत 'बॅसिलस सेरेयस' नावाचा जिवाणू बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे त्याची टणक कवचातली झोपलेली अवस्था. ती शिजवण्यानेही पूर्ण मरत नाही. अन्न कोमट झालं की बीजाणू जागे होतात आणि वाढू लागतात. वाढताना हा जिवाणू एक विष सोडू शकतो, आणि ते उकळूनही जात नाही. 'परत खणखणीत गरम केलं की झालं' हा समज इथेच फसतो: गरम केल्याने जिवाणू मरतील, विष तसंच राहील. ते पोटात गेलं तर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

आता उपम्याचंच बघू. मे महिन्यातला रविवार, पाहुणे आलेले, सकाळी आठला अर्धा किलो रव्याचा उपमा झाला. साडेआठला सगळे जेवले म्हणावं इतकं खाल्लं, तरी पाव पातेलं उरलं. झाकण टाकून ते ओट्यावर राहिलं. उपमा ओला, घट्ट आणि चवीला जवळजवळ आंबटपणाविरहित असतो, वर गाजर-मटार. जिवाणूला याहून चांगली गादी कुठली मिळणार? शिवाय घट्ट गोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून मधला भाग तासन् तास कोमट राहतो, म्हणजे नेमका वाढीच्या तापमानात. बाराला हात लावला तर अजून ऊब जाणवते आणि आपण 'ताजाच आहे की' म्हणतो. ती ऊबच खरं तर वाईट बातमी आहे. साधा नियम दोन तासांचा आहे, आणि खोलीचं तापमान बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकाच तासाचा. मेमध्ये त्या उपम्याची मुदत साडेनऊच्या आत संपली. आंबूस वास आणि चमचा उचलताना सुटणारी तार ही खूण फार उशिरा येते, तिची वाट बघू नये.

त्याच रविवारी वाचवायचं असतं तर? खाऊन झाल्याबरोबर उरलेला उपमा परातीत एखाद्या इंचाच्या थराने पसरायचा, पंख्याखाली वीसेक मिनिटं ठेवायचा, आणि उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकायचा. 'पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये' ही घरोघरची शिकवण तासन् तास वाट बघायला लावते. कोमट डबा ठेवला तर चालतो. असा उपमा मी दुसऱ्या दिवशी संपवते. तिसऱ्या दिवशी तो बहुधा खाण्याजोगा असतो, पण भाज्यांचं पाणी सुटलेलं असतं आणि चव उरत नाही. गरम करताना हवा तेवढाच भाग बाहेर काढायचा आणि वाफा निघेपर्यंत एकदाच गरम करायचा.

इडलीकडे उपम्याजवळ नसलेली एक गोष्ट आहे, आंबट पीठ. रात्रभर आंबलेल्या पिठाचा पीएच साडेचार-पाचच्या आसपास येतो. उकडताना आंबवणारे जिवाणू मरतात, पण त्यांनी तयार केलेलं आम्ल इडलीतच राहतं आणि बॅसिलससारख्यांची वाढ मंदावते. मंदावते, थांबत नाही. म्हणून प्रवासात किंवा डब्यात कोरडी इडली सकाळची दुपारपर्यंत चालत आली आहे. थंडीत मी ती सहा-सात तास बाहेर ठेवते, मेमध्ये चार तासांपलीकडे नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर मात्र दोन तासांचाच नियम. दुसरी अट म्हणजे इडली कोरडी हवी. सांबारात भिजवलेली किंवा ओल्या खोबऱ्याच्या चटणीत माखलेली इडली लवकर उतरते. चटणी तर तासा-दोन तासांतच फ्रिजमध्ये जायला हवी. फ्रिजमध्ये बंद डब्यात इडली तीन दिवस छान राहते.

इथे नाकाचा घोटाळा होतो. इडलीला मुळातच आंबट वास असल्याने 'आंबट वास आला, गेली' असं म्हणता येत नाही. तिच्या बाबतीत बोटांवर विसंबावं. पृष्ठभाग बुळबुळीत लागला, तोडताना धागे सुटले किंवा ठिपके दिसले, तर टाकावी. फक्त कडक असेल तर चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफ द्यावी. झटपट रव्याची, इनो घालून केलेली इडली मात्र या हिशोबात बसत नाही. ती आंबलेली नसते आणि दह्याचा आंबटपणा प्रत्येक घरात वेगळा असतो, म्हणून तिला उपम्याच्याच रांगेत बसवलेलं बरं.

पोह्यांचं थोडक्यात. ते फक्त भिजवून परतलेले आणि दोन-चार मिनिटं वाफवलेले असतात, त्यामुळे उपम्याइतके ओले नसतात, पण वरून पडणारं ओलं खोबरं आणि कोथिंबीर कच्ची असते. लिंबू पिळलं म्हणून ते टिकतात असंही नाही, रस सगळीकडे सारखा पोचत नाही. बाहेर दोन तास, उन्हाळ्यात एक. फ्रिजमध्ये एक दिवस, आणि उरणार हे दिसत असेल तर खोबरं-कोथिंबीर आपापल्या ताटात वाढताना घालावी. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकणाखाली वाफ दिली की कडकपणा जातो. कच्चा कांदा आणि नारळाचं पाणी घातलेले कोकणातले दडपे पोहे मात्र उरवायचेच नाहीत. त्यांना शिजवण्याचा आधारच नसतो, त्यामुळे ताटात पुरेल तेवढेच दडपावेत.