मुदत संपणाऱ्या टोकन व प्रमाणपत्रांवरील देखरेख

ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी अहवालाची कामे दुसऱ्या सेवेकडून माहिती आणतात, तेव्हा ओळख पटवण्यासाठी एपीआय टोकन वापरतात आणि जोडणी सुरक्षित ठेवण्यासाठी टीएलएस प्रमाणपत्रावर विसंबतात. या दोन्हींना मुदत असते. ती संपण्याआधी माहीत करून घेणे, वेळेत नूतनीकरण करून घेणे आणि तरीही एखादी मुदत नजरेतून सुटलीच तर अहवाल खोटा किंवा शिळा झाल्याचे लगेच कळेल अशी सोय करणे, या तीन गोष्टी मिळून ही देखरेख होते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र संपले तर ब्राउझर इशारा देतो आणि काही मिनिटांत तक्रारी येऊ लागतात. पहाटे चालणाऱ्या अहवालासमोर मात्र कोणी बसलेले नसते. म्हणून इथले बिघाड आवाज न करता होतात आणि कित्येकदा आठवडे उलटल्यावर उघडकीस येतात.

हा आवाज का होत नाही, हे गिटलॅब या कोड व प्रकल्पांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेच्या उदाहरणावरून नीट समजते. मे २०२३ मधील १६.० या आवृत्तीपासून गिटलॅबने बेमुदत टोकन बंद केले, आणि आधीच्या ज्या टोकनांना मुदत नव्हती त्यांना एक वर्षाची मुदत आपोआप लावली. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या अनेक स्क्रिप्ट त्यामुळे मे २०२४ मध्ये एकदम अडचणीत आल्या. समजा, एका चमूच्या खाजगी प्रकल्पातील प्रलंबित नोंदींची संख्या दर सोमवारी सकाळी सहा वाजता मोजून एका फाइलीत भरली जाते, आणि त्या फाइलीवरून आलेख तयार होतो. संख्या शंभराच्या आत असल्याने एकाच पानात सगळे मावते आणि स्क्रिप्टमधील मुख्य ओळ एवढीच असते :

```
curl -s --header "PRIVATE-TOKEN: $TOKEN" \
  "$API/issues?state=opened&per_page=100" | jq length >> open.csv
```

टोकनाची मुदत १४ मे २०२४ अशी नोंदलेली आहे. गिटलॅबमध्ये टोकन त्या तारखेच्या सुरुवातीलाच, म्हणजे यूटीसीच्या मध्यरात्री संपते. भारतीय वेळेनुसार ही पहाटेची साडेपाचची वेळ होय. ‘१४ तारखेपर्यंत चालेल’ असे समजणाऱ्याचा एक दिवस इथेच हातचा जातो, आणि त्या दिवशी पाच वाजता चालणारे काम पार पडते तर सहा वाजताचे अडते. आपल्या उदाहरणात १४ मे हा मंगळवार आहे. सोमवारी, १३ मे रोजी अहवाल बिनचूक निघालेला असतो. पुढचा २० मे रोजी निघायचा असतो. मधले सहा दिवस टोकन मेलेले असूनही तपासायला काहीच घडत नाही.

२० मे रोजी सर्व्हर ४०१ हा नकार देतो आणि सोबत `error` व `error_description` या दोन कळा असलेला जेसन मजकूर पाठवतो. `curl` च्या दृष्टीने उत्तर मिळाले, म्हणजे काम झाले. `--fail` सांगितल्याशिवाय ते एचटीटीपीचा नकार चूक मानत नाही आणि शून्य, म्हणजे यशाचाच, निर्गम संकेत देते. पुढे `jq length` ला यादीऐवजी दोन कळांची वस्तू मिळते, ते कळा मोजते आणि फाइलीत इमानेइतबारे २ लिहिते. आदल्या आठवड्यात ६३ असलेली संख्या २ वर येते. कोणतीच आज्ञा फसलेली नसते आणि पडद्यावर काही उमटलेले नसते, त्यामुळे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारे क्रॉन ईमेलही पाठवत नाही. आलेखात उतार दिसतो आणि बैठकीत कामाचा उपसा झाल्याबद्दल समाधान व्यक्त होऊ शकते. चाणाक्ष वाचकाला संशय येतो तो २७ मे आणि ३ जूनलाही आकडा २ वरच खिळलेला पाहून, कारण खरी मोजणी अशी एका जागी थिजत नाही.

यावर पहिला इलाज स्क्रिप्टमध्येच आहे. `curl -sS --fail` वापरले की नकार आल्यास २२ हा निर्गम संकेत मिळतो आणि त्रुटीचा संदेशही उमटतो. पण तेवढ्याने भागत नाही. नळीच्या पलीकडचे `jq` रिकाम्या निविष्टीवर काहीही न छापता यशस्वी ठरते, आणि शेल नेहमी शेवटच्या आज्ञेचाच संकेत खरा मानते. म्हणून सुरुवातीला `set -o pipefail` हवे. प्रमाणपत्राची मुदत संपल्यास `curl` ६० हा संकेत देते. मात्र नुसत्या `-s` मुळे त्याचाही संदेश गिळला जातो. सर्वांत घातक सवय म्हणजे एखाद्या घाईच्या दिवशी `-k` जोडून प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणे. त्यानंतर मुदत संपो वा समोर भलताच सर्व्हर असो, अहवाल सुखाने चालत राहतो.

मुदत आधी कळावी यासाठी ती शक्यतो जिवंत सेवेलाच विचारावी. गिटलॅबमध्ये टोकन स्वतःविषयी विचारणा करू शकते :

```
curl -sS --fail --header "PRIVATE-TOKEN: $TOKEN" \
  "$GITLAB/api/v4/personal_access_tokens/self" | jq -r .expires_at
```

गिटहबकडून मुदत असलेल्या टोकनाच्या उत्तरासोबत `github-authentication-token-expiration` हे शीर्ष येते, तर जेडब्ल्यूटी प्रकारच्या टोकनात `exp` हा आकडा असतो आणि तो १९७० पासूनचे सेकंद सांगतो. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये नोंदवलेल्या अ‍ॅपच्या गुपिताची तारीख `endDateTime` मध्ये सापडते. ती चुकली तर `AADSTS7000222` ही त्रुटी दिसते. जिथे सेवा काहीच सांगत नाही तिथे नोंदवही ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्या नोंदवहीत तारखेइतकाच महत्त्वाचा रकाना म्हणजे ते टोकन कोणकोणत्या कामांत वापरले आहे हा होय. नूतनीकरणाच्या दिवशी खरी अडचण तिथेच येते. गिटलॅबची टोकन फिरवण्याची, म्हणजे जुन्याच्या जागी नवे देण्याची, सोय जुने टोकन तत्काळ रद्द करते. तेच टोकन दुसऱ्या यंत्रावरील विस्मृतीत गेलेल्या अहवालात असेल तर दुरुस्तीमुळेच नवा मूक बिघाड तयार होतो. दोन टोकन काही काळ एकत्र नांदू शकत असतील तर नवे बसवावे, काम एकदा हाताने चालवून पाहावे आणि मगच जुने रद्द करावे.

काही टोकन तारखेने संपत नाहीत, न वापरल्याने संपतात. गूगलचे रिफ्रेश टोकन सहा महिने वापरले नाही तर अवैध होऊ शकते. दररोजच्या अहवालाला त्याची झळ लागत नाही, पण वर्षातून एकदा निघणाऱ्या अहवालाचे टोकन दर वर्षी नेमके गरजेच्या दिवशी मेलेले सापडते. याच सेवेत बाह्य वापरकर्त्यांसाठीचे अ‍ॅप ‘चाचणी’ स्थितीत ठेवले असेल तर त्याचे रिफ्रेश टोकन सहसा सात दिवसांतच संपते, आणि चाचणीत उत्तम चाललेला साप्ताहिक अहवाल दुसऱ्याच फेरीला अडतो. म्हणून क्वचित चालणाऱ्या कामांसाठी दर आठवड्याला तेच टोकन वापरून एक छोटी विनंती करणे हिताचे असते. त्याने तपासणीही होते आणि टोकन वापरातही राहते.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत एक वेगळा सापळा आहे. डिस्कवरील फाइल आणि सर्व्हर प्रत्यक्षात देत असलेले प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. सर्टबॉट नवे प्रमाणपत्र वेळेवर आणून ठेवतो, परंतु वेब सर्व्हरला ते पुन्हा वाचायला सांगितले नाही तर तो स्मृतीतील जुनेच देत राहतो. फाइल तपासणाऱ्याला सर्व आलबेल दिसते. त्यामुळे अहवालाचे काम ज्या यंत्रावरून चालते, त्याच यंत्रावरून जोडणी करून पाहावे :

```
echo | openssl s_client -connect data.example.org:443 \
  -servername data.example.org 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -checkend 1814400
```

इथे १८,१४,४०० सेकंद म्हणजे एकवीस दिवस. तेवढ्यात मुदत संपणार असेल, किंवा जोडणीच झाली नाही, तर निर्गम संकेत शून्य नसतो. ही तपासणी केवळ सर्व्हरचे स्वतःचे प्रमाणपत्र पाहते. त्याची ग्वाही देणारी साखळीतील वरची प्रमाणपत्रे तिच्या नजरेबाहेर राहतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ हे मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा सर्व्हरची प्रमाणपत्रे वैध असूनही ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या अनेक यंत्रांच्या जोडण्या तुटल्या. जुनी, कोणी न बघितलेली यंत्रे म्हणजे बहुधा अहवालाचीच यंत्रे, म्हणून ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

इशाऱ्याची वेळ ठरवताना दोन अंतरे पाहावी लागतात. पहिले, काम किती दिवसांनी चालते. मासिक अहवालासाठी सात दिवस आधीचा इशारा पुरत नाही, कारण इशारा आणि बिघाड या दोन्हींच्या मध्ये कामाची एकही फेरी येत नाही आणि दुरुस्ती पारखायला संधी उरत नाही. दुसरे, स्वयंचलित नूतनीकरण केव्हा व्हायला हवे. नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र साधारण तीस दिवस उरले असता बदलले जाते. म्हणून एकवीस दिवसांवरील इशाऱ्याचा अर्थ ‘नूतनीकरण फसले आहे’ असा स्पष्ट होतो. परंतु सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत आता टप्प्याटप्प्याने घटते आहे : ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. सत्तेचाळीस दिवसांच्या प्रमाणपत्राला एकवीस दिवसांचा इशारा दर फेरीला उगाच वाजेल आणि लोक तो मिटवायला शिकतील. तिथे दहाच्या आसपास दिवस योग्य ठरतात. इशाऱ्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्याच्या ईमेलवर विसंबणेही आता शहाणपणाचे नाही; लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये असे ईमेल पाठवणे बंद केले.

तारखांची कितीही चोख तपासणी केली तरी काही बिघाड तिच्याबाहेर राहतात. टोकन मुदतीपूर्वी रद्द होते, त्याचे अधिकार कमी केले जातात, किंवा ज्या कर्मचाऱ्याच्या नावाचे ते टोकन आहे त्याचे खाते नोकरी सोडताच बंद होते. म्हणून दुसरे जाळे परिणामावर लावतात. काम यशस्वीपणे संपले की ते एका पहारेकरी सेवेला खूण पाठवते, आणि ठरलेल्या वेळेत खूण आली नाही तर ती सेवा बोंब ठोकते. पहारेकरी वेगळ्या यंत्रावर असावा आणि इशारा पाठवायला वेगळे टोकन वापरावे. एकाच टोकनावर अहवाल आणि इशारा दोन्ही असतील तर दोन्ही एकत्र मुके होतात. खूण पाठवण्याआधी आकड्यांची किमान पारख व्हावी : उत्तर यादीच्या रूपात आहे का, सर्वांत नवी नोंद किती जुनी आहे, मागच्या फेरीपेक्षा संख्या अवाच्या सवा बदलली आहे का. वरील उदाहरणातला २ हा आकडा यांतल्या पहिल्याच प्रश्नाला अडला असता.

देखरेख करणारे साधनच मुके होण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एक्विफॅक्स या अमेरिकी पतनोंदणी कंपनीचे आहे. तिथे जाळ्यातील सांकेतिक वाहतूक उलगडून तपासणाऱ्या यंत्रणेचे प्रमाणपत्र कित्येक महिने संपलेले होते. यंत्रणा चालू होती, वाहतूक वाहत होती, फक्त तपासणी होत नव्हती आणि त्याची खूण कुठे उमटत नव्हती. २९ जुलै २०१७ रोजी प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद वाहतूक दिसली आणि मे महिन्यापासून चाललेली माहितीची चोरी उघड झाली. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती तोवर बाहेर गेली होती.