विधीने नेमके काय बदलते?

काही दिवसांपूर्वी एका सद्गृहस्थांनी मला कळवले की, पूजा, आरती, जप, प्रदक्षिणा या सगळ्याला ते अंधश्रद्धा मानतात, आणि विज्ञानाविषयी बोलणाऱ्या माणसाने तसे स्पष्ट म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांचा सूर रागाचा नव्हता आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. म्हणून त्यांच्या विधानाचे खंडन करण्यापेक्षा त्याची फोड करून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. विधीमुळे जगात काहीतरी घडते, हा एक दावा झाला आणि विधीमुळे तो करणाऱ्याच्या शरीरात व मनात काहीतरी घडते, हा दुसरा. पहिल्या दाव्याबद्दल त्यांची शंका रास्त आहे. मंत्राने पाऊस पडत नाही आणि दोऱ्याने ताप उतरत नाही, कारण या दोन घटनांना जोडणारी कोणतीही प्रक्रिया आढळलेली नाही. दुसरा दावा मात्र मोजून तपासता येतो, आणि तो ज्या प्रयोगांत तपासला गेला त्यांपैकी एक प्रयोग तर मराठी माणसांवरच झालेला आहे.

हा प्रयोग मॉरिशसमध्ये झाला. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडच्या भागांतून गिरमिटिया मजूर म्हणून या बेटावर गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात, आणि त्यांची देवळे व त्यांचा गणेशोत्सव टिकून आहे. मार्टिन लँग, यान क्रात्की आणि दिमित्रिस झिगालाटास या संशोधकांनी याच समाजातील सुमारे 75 जणांना प्रयोगात सहभागी करून घेतले, आणि त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रयोगाची सुरुवात मुद्दाम ताण निर्माण करण्यापासून झाली. प्रत्येकाला सांगण्यात आले की नैसर्गिक आपत्तीच्या वेळी कोणती खबरदारी घ्यावी यावर त्याने थोड्या वेळात भाषण तयार करावे, आणि त्या भाषणाचे मूल्यमापन सरकारी तज्ज्ञ करतील. चक्रीवादळे येणाऱ्या बेटावर राहणाऱ्या माणसाला हा विषय जवळचा असतो, आणि परीक्षक पारखणार आहेत हे कळले की बहुतेकांच्या छातीत धडधड सुरू होते. यानंतर एका गटाला गावातल्या देवळात जाऊन नेहमीची पूजा करण्यास सांगितले, तर दुसऱ्या गटाला देवळाबाहेरच्या साध्या जागेत शांत बसण्यास सांगितले. त्या काळात सर्वांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली जात होती, आणि आपल्याला किती चिंता वाटते हे त्यांना स्वतःलाही नोंदवायचे होते.

येथे जे मोजले गेले ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. निरोगी माणसाचे हृदय घड्याळासारखे अगदी सारख्या अंतराने चालत नाही. दोन ठोक्यांमधले अंतर एकदा 800 मिलिसेकंद, पुढच्या वेळी 850, नंतर 790 असे सतत थोडे बदलत राहते. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि श्वास सोडताना ती मंदावते, आणि हे मंदावण्याचे काम मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा चेतातंतू करतो. माणूस घाबरलेला असला की या चेतातंतूचा प्रभाव कमी होतो, ठोके भरभर पडतात आणि त्यांच्यामधली अंतरे जवळजवळ सारखी होतात. म्हणजे अंतरांमधला चढउतार जितका अधिक, तितके शरीर निवांत, असा या मापनाचा ढोबळ अर्थ आहे. श्वास मुद्दाम संथ केल्याखेरीज माणसाला हा आकडा ठरवून बदलता येणे अवघड असते, आणि म्हणूनच ‘मला बरे वाटले’ या शब्दांपेक्षा तो अधिक भरवशाचा साक्षीदार ठरतो.

देवळात जाऊन आलेल्या गटाने कमी चिंता नोंदवली, आणि त्यांच्या ठोक्यांमधला चढउतारही शांत बसलेल्या गटापेक्षा अधिक आढळला. मला यातली विशेष गोष्ट अशी वाटते की दुसऱ्या गटाला विश्रांतीच दिलेली होती. ताणाखाली असलेल्या माणसाला ‘नुसते बसा’ म्हटले, तर त्याचे मन येणाऱ्या भाषणाभोवतीच घोटाळत राहते. ज्याच्या हाताला निरांजन, फूल आणि घंटा यांचा ठरलेला क्रम मिळालेला असतो, त्याचे लक्ष पुढच्या कृतीवर राहते, आणि तो क्रम त्याला लहानपणापासून पाठ असल्याने त्यात चूक होण्याची भीतीही नसते.

मात्र या प्रयोगाच्या मर्यादा सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. एक गट ओळखीच्या देवळात होता आणि दुसरा वेगळ्या जागेत, त्यामुळे परिणाम नेमका पूजेचा की देवळातल्या गारव्याचा, उदबत्तीच्या वासाचा आणि परिचित भिंतींचा, हे यातून वेगळे करता येत नाही. हातांच्या हालचाली जितक्या ठरीव आणि पुन्हापुन्हा होणाऱ्या, तितका परिणाम मोठा, अशी संशोधकांची अपेक्षा होती. त्या दिशेने काही खुणा दिसल्या, पण त्या सर्वत्र सारख्या नव्हत्या, आणि संशोधकांनी हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

परिणामाचा एक मार्ग मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे, आणि तो श्वासातून जातो. इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 23 प्रौढांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावून त्यांचे श्वसन व हृदयाचे ठोके मोजले होते. दोन्ही प्रकारांत श्वासाचा वेग मिनिटाला साधारण सहापर्यंत उतरला, जेव्हा की निवांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो. कारण साधे आहे. एक ओळ एका दमात म्हणायची असेल तर श्वास लांबवर सोडावाच लागतो, आणि लांब निःश्वासाच्या वेळीच व्हेगस चेतातंतू हृदयाला सर्वाधिक संथ करतो. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा आणि तरीही जवळजवळ तोच वेग, यावरून हा परिणाम शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्या लांबीशी आणि लयीशी बांधलेला असावा असे दिसते. आपल्याकडे जपमाळ ओढताना किंवा अथर्वशीर्षाची आवर्तने करताना हेच घडत असावे, असा तर्क मी करतो.

ज्यांनी मला लिहिले ते यावर म्हणतील, आणि ते बरोबरच असेल, की मग यात देवाचा संबंध कुठे उरला? अमेरिकेत ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या गटाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी माणसांसमोर गाणे म्हणण्यापूर्वी काही जणांकडून एक सर्वस्वी नवा विधी करून घेतला गेला. मनात काय वाटते त्याचे चित्र काढायचे, त्यावर मीठ टाकायचे, मोठ्याने पाचपर्यंत मोजायचे, कागद चुरगाळायचा आणि टाकून द्यायचा. या विधीनेही चिंता कमी झाली आणि गाणे सुधारले. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात याच कृतींना ‘विधी’ म्हटले तेव्हा लाभ झाला, आणि ‘काही हालचाली’ म्हटले तेव्हा तो झाला नाही. म्हणजे कृतीला आपण काय मानतो याला वजन आहे, आणि परंपरेने मिळालेल्या विधीला ते आपसूकच मिळालेले असते. हे निरीक्षण श्रद्धाळू माणसाचा अपमान करत नाही आणि नास्तिक माणसाला काही मानायला भागही पाडत नाही.

आता जेथे त्या सद्गृहस्थांची काळजी पूर्णपणे खरी ठरते, त्या जागेकडे यावे लागते. चिंता कमी होणे हे नेहमीच हिताचे असते असे नाही, कारण काही वेळा चिंता माणसाला दवाखान्याकडे धाव घ्यायला लावते. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात आढळणाऱ्या बहुसंख्य जातींचे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही, अशा दंशाला कोरडा दंश म्हणतात. म्हणून मांत्रिकाकडे नेलेल्या माणसांपैकी अनेक जण काही न करताही जगणारच असतात, आणि ते जगल्याचे श्रेय मंत्राला मिळते. जे दगावतात त्यांच्याबद्दल ‘उशिरा आणले’ असे सांगितले जाते. अशा रीतीने मंत्राचा प्रत्येक अनुभव त्याच्या बाजूनेच मोजला जातो, आणि येथे अंधश्रद्धा हा शब्द मी कोणताही संकोच न करता वापरीन.

महाराष्ट्राने 2013 मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यातही ही रेषा जवळपास याच ठिकाणी ओढलेली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे, तर प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन आणि कोणाला शारीरिक इजा न करणारे घरातले व देवळातले धार्मिक विधी त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. एखादी कृती श्रद्धेतून होते का, हा प्रश्न कायद्याने या ठिकाणी विचारलेला नाही. तिच्यामुळे कोणाच्या शरीराला अपाय होतो का आणि ती उपचाराची जागा घेते का, हे त्याने पाहिले आहे.

साप चावलेल्या माणसाच्या शरीरात विष भिनले आहे का, या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयात कसे शोधतात हे पाहिले तर मांत्रिकाच्या रीतीशी असलेला फरक डोळ्यांसमोर येतो. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. म्हणून दंश झालेल्या माणसाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त गोठलेले नसेल तर विष शरीरात भिनले आहे असे समजून प्रतिविषाचे औषध शिरेतून सुरू करतात, आणि ते औषध नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. रक्त गोठलेले असले तरी रुग्णाला लगेच घरी पाठवत नाहीत, कारण विषाचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो, शिवाय मण्यारचे विष रक्ताऐवजी श्वसनाच्या स्नायूंवर घाला घालते आणि ते या नळीत दिसत नाही. त्यामुळे पापण्या जड होतात का आणि गिळताना त्रास होतो का, याकडेही लक्ष ठेवावे लागते.

त्या 20 मिनिटांत वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसलेली रुग्णाची आई रामरक्षा म्हणत असेल, तर तिच्या म्हणण्याने नळीतले रक्त गोठणार नाही. तिचा श्वास संथ होईल, हाताचा कंप थोडा ओसरेल, आणि साप केव्हा चावला, कुठे चावला, त्यानंतर काय काय झाले, हे डॉक्टरांनी विचारल्यावर तिला नीट सांगता येईल.